अनोळखी नंबरवरून ‘हाय’ आलं तर काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून नुसतं ‘हाय’, ‘हॅलो जी’ किंवा ‘ओळखलंस का?’ एवढंच येतं. पाठवणारा ठग असू शकतो. नंबर बदललेला मामेभाऊ असू शकतो, किंवा दवाखान्याच्या पायरीवर बसून कुणीतरी घाईत एक आकडा चुकवलेला असू शकतो. यातलं खरं कोणतं, ते त्या एका शब्दावरून कळत नाही. म्हणून उत्तर असं हवं की खरा माणूस दुखावला जाणार नाही आणि खोट्याच्या हाती काही लागणार नाही. ते कसं द्यायचं, याविषयी नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

## उत्तर दिल्यानेच काही धोका होतो का?

नुसता मजकूर लिहून पाठवल्याने फोनमध्ये काही शिरत नाही आणि बँकेतून पैसेही जात नाहीत. समोरच्याला एवढंच कळतं की नंबर चालू आहे आणि इथे उत्तर देणारं माणूस आहे. मेसेज उघडल्यावर निळ्या टिका दिसल्या की यातलं निम्मं त्याला तसंही कळतं. ठगांच्या यादीत ‘उत्तर देणारा नंबर’ अशी नोंद झाली तर पुढे असे मेसेज जरा जास्त येतात.

खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजपासून सुरू होतो, कारण तिथे आपण नाव, गाव, नातं, फोटो, कोड किंवा पैसे देऊन बसतो. म्हणून एक सभ्य उत्तर द्यायला हरकत नाही, फक्त त्या उत्तरात आपल्याबद्दलची कोणतीही माहिती नसावी.

काही वेळा मात्र ते एक उत्तरही देऊ नये. पहिल्याच मेसेजमध्ये लिंक किंवा फाइल असेल, घरबसल्या कामाचे रोज अमुक हजार मिळतील असं लिहिलं असेल, किंवा न विचारता एखाद्या शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये घातलं असेल, तर तिथे शिष्टाचाराचा प्रश्नच येत नाही. ‘लग्नाची पत्रिका’ किंवा ‘वाहनाचं चलान’ म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी `.apk` असेल तर ती पत्रिका नव्हे आणि चलानही नव्हे. ते फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप असतं. बसवलं आणि मागेल त्या परवानग्या दिल्या की ते येणारे एसएमएस वाचतं, आणि बँकेचे ओटीपी तिकडे पोचतात.

## उत्तर देण्याआधी काय पाहावं?

मिनिटभराचं काम आहे. आधी नंबर पाहा. भारतातला मोबाइल +91 ने सुरू होतो आणि त्यापुढचे दहा आकडे ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. +84 म्हणजे व्हिएतनाम, +62 इंडोनेशिया, +254 केनिया, +92 पाकिस्तान. आपलं तिकडे कुणीच नसेल तर उत्तराची घाई नको. पण परदेशी नंबर दिसला की लगेच ठग ठरवू नये. दुबईला असलेल्या भाच्याचा नंबर +971 नेच सुरू होतो.

मग चॅट उघडल्यावर वर दिसणारी माहिती वाचा. नंबर कोणत्या देशात नोंदलेला आहे आणि तुमच्या दोघांचा एखादा ग्रुप आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं. सोसायटीचा किंवा शाळेच्या पालकांचा ग्रुप सामायिक निघाला तर बहुधा तिथलंच कुणीतरी असतं, आणि त्या ग्रुपमधल्या ओळखीच्या माणसाला विचारता येतं. नावापुढे `~` अशी खूण असेल तर ते नाव त्या माणसाने स्वतः टाकलेलं आहे. ते काहीही असू शकतं.

फोटोवर विसंबू नका. काकूंचा फोटो फेसबुकवरून किंवा त्यांच्या जुन्या डीपीवरून उचलायला दहा सेकंद लागतात. ट्रूकॉलरवरचं नावही पुरावा नव्हे, कारण ते इतरांनी आपापल्या फोनमध्ये जे नाव जतन केलं त्यावरून येतं.

इथे हमखास होणारी एक चूक. डीपी दिसावा म्हणून बरेच जण तो नंबर ‘बघू तरी कोण आहे’ अशा काहीतरी नावाने जतन करतात. तुमचा डीपी आणि ‘लास्ट सीन’ फक्त कॉन्टॅक्टसना दिसेल अशी सेटिंग असेल, तर नंबर जतन केल्याक्षणी तो माणूस तुमच्या कॉन्टॅक्टसमध्ये येतो. तुम्ही त्याला पाहायला जाता आणि तुमच्या मुलांसोबतचा फोटो त्यालाच दाखवता. खात्री होईपर्यंत नंबर जतन करू नका.

## पहिलं उत्तर नेमकं काय लिहावं?

बहुतेक वेळा एवढं पुरतं:

> नमस्कार. हा नंबर माझ्याकडे जतन नाही. आपलं नाव आणि काम कळवाल का?

आपण कोण, हे यात कुठेच येत नाही, आणि बोलण्याची पुढची पाळी समोरच्याची राहते. ‘आपलं’ म्हटल्याने मोठं माणूस असलं तरी अवमान होत नाही. ‘काम कळवाल का’ असं विचारल्यामुळे खऱ्या माणसाला थेट मुद्द्यावर यायला वाट मिळते. ठगाला मात्र हा प्रश्न अडचणीचा असतो, कारण त्याला आधी आपल्याकडून काहीतरी हवं असतं.

टाळायची वाक्यंही सांगतो. ‘कोण, राजूदादा का?’ असं विचारलं की समोरचा पुढच्या क्षणाला राजूदादा होतो. ‘मी कुलकर्णी बोलतेय, आपण कोण?’ यात आडनाव गेलं. ‘मी आत्ता ऑफिसात आहे, संध्याकाळी घरी आल्यावर बोलते’ यात तर घर केव्हा रिकामं असतं तेही गेलं. ‘कोण रे तू, परत मेसेज करू नकोस’ हे सुरक्षित आहे, पण मुलाच्या वर्गशिक्षिकेने नव्या नंबरवरून ‘हॅलो’ केलं असेल तर ती परत मेसेज करणार नाही.

उत्तर लगेच द्यायला हवं असंही नाही. अर्ध्या तासाने दिलं तरी चालतं. खरी निकड असलेला माणूस तोवर स्वतःच लिहितो: ‘मी अमक्याचा भाऊ, तमक्या कामासाठी.’

## ‘ओळखलंस का? विसरलास ना?’ असं आलं तर?

आपल्याकडे ओळख विसरणं हा जवळजवळ गुन्हा मानला जातो, आणि हा प्रश्न नेमका त्या संकोचावर बसवलेला आहे. ‘सांग पाहू कोण?’, ‘आवाजही विसरलास?’, ‘मोठी माणसं झालात बुवा तुम्ही!’ असं आलं की आपण ओशाळतो आणि नावं सुचवू लागतो. दोन-तीन नावं सुचवली की त्यातलं एक त्याला पुरतं. हीच युक्ती फोन कॉलवरही चालते.

नावं सुचवायची नाहीत, आणि रागवायचंही नाही. ‘खरंच लक्षात आलं नाही, राग मानू नका. नाव सांगा ना, आजकाल फसवणूक फार होते म्हणून मी सगळ्यांनाच विचारते.’ यातलं ‘सगळ्यांनाच’ महत्त्वाचं आहे. संशय त्याच्यावर नाही, ही आपली रीतच आहे, एवढं त्यातून कळतं. खरा नातेवाईक दुसऱ्या वाक्याला नाव सांगतो. तीनदा विचारूनही नाव येत नसेल तर पुढे उत्तर देऊ नका.

## समोरचा ओळखीचं नाव सांगून मदत मागतो. खात्री कशी करायची?

उदाहरण घेऊन पाहू. सकाळी ११ वाजता मेसेज येतो: ‘हाय काकू, मी निखिल. माझा फोन पाण्यात पडला, हा नवा नंबर. जुना डिलीट करा.’ निखिल हा तुमचा पुण्यात शिकणारा पुतण्या, आणि डीपीही त्याचाच. तुम्ही ‘बरं’ म्हणता. वीस मिनिटांनी: ‘काकू, कॉलेजची फी आजच भरायची आहे, १२,५०० कमी पडतायत. नव्या फोनमध्ये बँकेचं अ‍ॅप चालत नाहीये. संध्याकाळी परत करतो. आईला सांगू नका, ती घाबरेल.’

या सगळ्यातलं सर्वांत बोलकं वाक्य पैशांचं नाही. ‘जुना डिलीट करा’ आणि ‘आईला सांगू नका’ ही वाक्यं पाहा. दोन्ही तुमचे खात्री करायचे मार्ग बंद करतात. अडचणीतला खरा मुलगा लाजेपायी आईला सांगू नका म्हणेलही, पण जुना नंबर पुसायला सांगण्याचं त्याला काही कारण नसतं.

तेव्हा खात्री त्या चॅटमध्ये करायची नाही, चॅटच्या बाहेर करायची. आधी जुन्या नंबरवर साधा फोन लावा, व्हॉट्सअ‍ॅप कॉल नको. अशा पुष्कळ वेळा खरा निखिल ‘काय काकू?’ म्हणून फोन उचलतो आणि विषय तिथेच संपतो. फोन बंद लागला तर तो पाण्यात पडल्याचा पुरावा मानू नका, निखिल कॉलेजात तासाला बसलेला असेल. मग त्याच्या घरी, खोलीवरच्या मित्राला किंवा भावंडाला, म्हणजे ज्याचा नंबर तुमच्याकडे आधीपासून आहे अशा कुणाला तरी विचारा. नव्या नंबराने ‘हा माझ्या मित्राचा नंबर’ म्हणून दिलेला नंबर इथे चालत नाही.

तेही जमलं नाही तर असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर फेसबुकवर नाही. वाढदिवस, शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव हे सगळं तिथे असतं. ‘गेल्या गणपतीत आरतीनंतर काय सांडलं होतं?’ हे नसतं. काही घरांत यासाठी एक शब्द आधीच ठरवून ठेवतात. ती पद्धत चांगली आहे, फक्त तो शब्द फॅमिली ग्रुपवर लिहू नका, जेवताना तोंडी सांगा.

व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला म्हणजे झालं, असं आता म्हणता येत नाही. चेहरा आणि आवाज दोन्हींची नक्कल होऊ लागली आहे.

एवढं होईपर्यंत त्या नंबरला कोरडं सोडायची गरज नाही. ‘निखिल, थांब. मी तुझ्या घरी बोलून तासाभरात कळवते. जेवलास का?’ असं लिहा. खरा असेल तर तासभर थांबेल. ‘पाच मिनिटांत भरलं नाही तर नाव कापतील’ असा धोशा लागला तर काय समजायचं ते समजा. आणि खरंच फी भरायची निघाली, तर पैसे त्याने दिलेल्या अनोळखी यूपीआयवर न पाठवता कॉलेजच्या अधिकृत खात्यात स्वतः भरा. मदतही होते आणि पैसेही योग्य जागी जातात.

## खरोखर चुकीचा नंबर लागला असेल तर कसं वागावं?

हे नेहमीच घडतं. आपल्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जातो. तुम्ही नवं सिम घेतलं असेल तर आधीच्या मालकाचे नातेवाईक, गिऱ्हाइकं, वसुलीवाले वर्षभर ‘हॅलो’ करत राहू शकतात. अशा माणसाला ‘राँग नंबर’ एवढं म्हणून सोडू नका, कारण तो उद्या परत करील. ‘हा नंबर आता माझ्याकडे आहे, आधी ज्यांच्याकडे होता त्यांना मी ओळखत नाही. कृपया तुमच्या फोनमधून काढून टाका’ असं स्पष्ट लिहा.

कधी कधी ज्याला शोधतात तो माणूस तुमच्या ओळखीचा असतो: ‘तुमच्या शेजारच्या देशपांडे सरांचा नंबर मिळेल का?’ मदत करायची ती अशी: नंबर द्यायचा नाही, निरोप पोचवायचा. ‘त्यांना विचारल्याशिवाय नंबर देता येणार नाही. तुमचं नाव, गाव आणि काम लिहा, मी त्यांना दाखवते. त्यांना वाटलं तर ते स्वतः फोन करतील.’ खऱ्या माणसाचं काम यात अडत नाही. बाईमाणसाचा, लहान मुलाचा किंवा घर सोडून आलेल्या कुणाचा नंबर असेल तर हा नियम अजिबात मोडू नका. शोधणारा कोण आहे आणि का शोधतोय हे तुम्हाला माहीत नसतं.

## ‘सॉरी, चुकून मेसेज गेला’ म्हणून गप्पा सुरू झाल्या तर?

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत मोठ्या रकमा याच वाटेने जातात. ‘हाय अनिता, उद्याची मीटिंग आहे ना?’ तुम्ही म्हणता, मी अनिता नाही. ‘ओ, माफ करा! पण तुम्ही किती छान बोलता. योगायोगच म्हणायचा.’ मग रोज सुप्रभात, जेवणाचे फोटो, आजारी आईची चौकशी. दोन-चार आठवडे पैशांचं नाव निघत नाही. मग एक दिवस मामा किंवा मित्र शेअर्समध्ये किंवा क्रिप्टोत कसा कमावतो ते येतं, आणि एक अ‍ॅप. आधी ५,००० टाकून ६,००० परतही मिळतात. ते मिळतात म्हणूनच पुढचे पाच लाख जातात. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी कर भरा’ असं सांगितलं जातं.

ओळखायची खूण सोपी आहे. चुकून मेसेज केलेला माणूस चूक कळल्यावर जातो. जो थांबतो, तो चुकून आलेला नसतो. ‘हरकत नाही, होतं असं. तुम्हाला हवा तो नंबर मिळो’ असं लिहून तिथेच थांबा, पुढच्या मेसेजला उत्तर नको.

शिवीगाळही नको, आणि त्याला कारण आहे. असे मेसेज पाठवणाऱ्यांतले कित्येक स्वतः अडकलेले असतात. नोकरीच्या आमिषाने थायलंडला बोलावून म्यानमार, कंबोडियातल्या कुंपणबंद वसाहतींत नेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले तरुण. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारात किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक असे जबरदस्तीने राबवले जात असल्याचा अंदाज दिला होता. मार्च २०२५ मध्ये थायलंड-म्यानमार सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. त्या माणसाला चॅटवरून सोडवणं तुम्हाला शक्य नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. ओळखीतला कुणी तिकडच्या ‘डेटा एंट्री’च्या नोकरीला निघाला असेल तर मात्र त्याला जरूर थांबवा.

## कुणी खरंच संकटात असल्यासारखं वाटलं तर पैसे न देता काय करता येईल?

पुष्कळ करता येतं. अनोळखी माणसाला द्यायची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे योग्य ठिकाणाचा नंबर. अपघात, मारहाण, जिवाला धोका असेल तर ११२. लहान मूल असेल तर १०९८. संकटातल्या स्त्रीसाठी १८१. एकट्या वृद्धांसाठी १४५६७.

‘मला जगावंसं वाटत नाही’ असं आलं तर तो खोटा असेल का, याचा विचार करत बसू नका. ‘हे सांगितलंत ते बरं केलंत. तुम्ही आत्ता कुठे आहात? जवळ कुणी आहे का?’ असं विचारा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जागा कळली आणि धोका आत्ताचा वाटला तर तुम्ही स्वतः ११२ ला फोन करून तो नंबर आणि मजकूर सांगा. असं बोलण्यात तुमची कोणतीही खासगी माहिती द्यावी लागत नाही, म्हणून खोटं निघालं तरी तुमचं काही जात नाही.

रक्तासाठीचा मेसेज आला तर चारच गोष्टी विचारा: रुग्णालयाचं नाव, रुग्णाचं नाव, रक्तगट आणि किती पिशव्या. मग रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधून रक्तपेढीत फोन करा आणि खरंच गरज आहे का विचारा. गरज असेल तर ई-रक्तकोशच्या संकेतस्थळावर जवळच्या रक्तपेढीत त्या गटाचा साठा आहे का ते पाहून कळवा, किंवा स्वतः जाऊन द्या. ‘आधी गाडीभाड्याचे २,००० पाठवा’ असं म्हणणाऱ्याला रक्त नको असतं. आणि खात्री न करता असे मेसेज ग्रुपवर ढकलू नका. गरज भागल्यानंतरही ते महिनोन् महिने फिरत राहतात आणि त्या घरच्यांचा फोन वाजत राहतो.

## ‘तुमच्या फोनवर चुकून माझा कोड आलाय, तेवढा पाठवा ना’

पाठवू नका, मागणारा सख्खा भाऊ असला तरी. मेसेज भावाच्या नंबरवरून आला असेल तर बहुधा त्याचं खातं आधीच चोरीला गेलं आहे. तो सहा आकडी कोड तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा असतो. तो दिला की तुमचं खातं त्याच्या फोनवर उघडतं आणि तासाभरात तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना ‘हाय, पैसे हवेत’ जातं. याचाच दुसरा प्रकार म्हणजे आठ अक्षरांचा कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला सांगणं. त्याने त्यांचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. तुमचा फोन नेहमीसारखा चालत राहतो, त्यामुळे कळतही नाही. `Linked devices` उघडून पाहा, अनोळखी काही दिसलं तर लगेच काढून टाका.

तिसरा प्रकार: ‘हा नंबर एकदा डायल करा’ म्हणून `*401*` किंवा `**21*` आणि पुढे दहा आकडे. याने तुमचे कॉल त्या नंबरवर वळतात. एसएमएस वळत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपचा कोड कॉलवरूनही मिळतो आणि तो कॉल आता त्यांच्याकडे वाजतो. चुकून डायल केलं असेल तर हे डायल केल्यावर वळवणी बंद होते:

```
##002#
```

कोड दिला गेलाच असेल तर आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा आपल्या नंबराने सुरू करा. एसएमएसने आलेला कोड टाकला की चोर बाहेर फेकला जातो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं. पण त्या सात दिवसांत खातं त्याच्याकडेही राहत नाही. म्हणूनच `Settings > Account > Two-step verification` मध्ये आपला सहा आकडी पिन आजच लावून ठेवा.

## माझा धंदा आहे. अनोळखी ‘हाय’ला उत्तर द्यावंच लागतं

मेस, शिकवणी, शिवणकाम, प्लंबिंग, ज्यांचं गिऱ्हाईकच अनोळखी नंबरवरून येतं, त्यांनी दोन नंबर ठेवावेत. धंद्याच्या नंबरावर घरच्यांचा फोटो नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये `Greeting message` लावला की पहिल्यांदा किंवा १४ दिवसांच्या खंडानंतर लिहिणाऱ्याला तो आपोआप जातो. त्यात वेळ, दर, आणि ‘काय हवं, केव्हा, कोणत्या भागात ते लिहा’ एवढं घाला. निम्मे रिकामे ‘हाय’ तिथेच गळतात.

जपायचं ते ऑर्डर मोठी आणि घासाघीस शून्य असेल तिथे. ‘लष्करी छावणीतून बोलतोय, ४० थाळ्या हव्यात’, सोबत ओळखपत्राचा फोटो, आणि ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दुसरं, ‘५०० ऐवजी ५,००० गेले, उरलेले परत करा’. त्याने पाठवलेला एसएमएस किंवा स्क्रीनशॉट पाहू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहा. पैसे खरंच आले असतील तरी परस्पर परत करू नका. ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेने विचारलं की मी लगेच संमती देतो’ असं सांगा, आणि आपल्या बँकेलाही कळवून ठेवा.

## मेसेजऐवजी थेट व्हिडिओ कॉल आला तर?

अनोळखी व्हिडिओ कॉल उचलू नका, ‘कृपया मेसेजमध्ये लिहा’ एवढं पाठवा. अश्लील चित्र दाखवून त्यात तुमचा चेहरा टिपायचा आणि मग पैसे मागायचे, हा ठरलेला प्रकार आहे. असं झालं असेल तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवून तक्रार करा. चूक तुमची नाही.

## आई-बाबांना हे सगळं कसं शिकवायचं?

सगळं शिकवू नका. त्यांच्या फोनमध्ये आधी दोन-तीन गोष्टी स्वतः लावून द्या: `Privacy > Calls` मध्ये `Silence unknown callers`, डीपी फक्त कॉन्टॅक्टसना, आणि वर सांगितलेला पिन. मग वरचं पहिलं उत्तर त्यांच्या चॅटमध्ये पिन करून ठेवा, म्हणजे त्यांना ते फक्त कॉपी करता येईल. आणि एकच गोष्ट सांगा: पैसे किंवा कोड मागितला की आधी मला फोन. फोन आला की कितीही कामात असलात तरी उचला. एकदा चिडून बोललात तर पुढच्या वेळी ते विचारणार नाहीत.

## ब्लॉक करणं उद्धटपणाचं नाही का?

नाव विचारून झालं, उत्तर आलं नाही, तर अजिबात नाही. ब्लॉक केल्याचा निरोप त्याला जात नाही, त्याच्या मेसेजला फक्त एकच टिक दिसते. रिपोर्ट केलं तरी त्याला कळत नाही, त्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचा पर्यायही दिसतो. फसवणुकीचा प्रयत्न असेल तर तो निवडण्याआधी नंबरासकट स्क्रीनशॉट काढा. पैसे गेले नसतील तर ३० दिवसांच्या आत `sancharsaathi.gov.in` वरच्या ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवता येतो.

पैसे गेले असतील तर चक्षू नाही, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बँक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात. ते वाटेत कुठे अडवायचे तर पहिले एक-दोन तासच कामाचे.

## मीच नव्या नंबरवरून मेसेज करतेय. लोक उत्तर देत नाहीत, काय करू?

नुसतं ‘हाय’ पाठवू नका. एकाच मेसेजमध्ये पूर्ण नाव, ओळख कुठली आणि काम लिहा, आणि समोरच्याला खात्री करायची वाट स्वतःच द्या. शक्य असेल तर नंबर बदलण्याआधी जुन्या नंबरवरूनच सगळ्यांना कळवा, आणि नव्या नंबरवरून पहिले काही दिवस पैशांचा विषय काढू नका. मेसेज असा असावा:

> नमस्कार सुलभाताई, मी वर्षा, तुमच्या वहिनींची मावसबहीण. आपण सांगलीच्या लग्नात भेटलो होतो. हा माझा नवा नंबर. मुलीच्या प्रवेशाबद्दल दोन गोष्टी विचारायच्या होत्या. वहिनींना विचारून खात्री करा आणि सवडीने फोन करा, घाई नाही.